हिंमत नवऱ्याची, ऐपत घराची

"ताई, मी 39, बायको 36. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 5 चा, आणि आई 71, ती आमच्याकडेच असते. रक्कम सांगत नाही, पण वर्षाचा घरखर्च (कर्जाचा हप्ता धरून) 1 मानला तर आमची सगळी शिल्लक 9 आहे. त्यातलं 80 टक्के शेअर्समध्ये, बहुतेक इंडेक्स फंडात, पण 1.2 एवढे माझ्याच कंपनीचे शेअर्स. कंपनी बांधकामाची मशिनरी विकते, माझ्या पगारात बोनसचा भाग मोठा असतो. बायकोच्या पगारात घरखर्चाचे 40 टक्के निघतात. दोघांनी ऑनलाइन रिस्कची प्रश्नावली भरली, मला 'आक्रमक' आलं, तिला 'सावध'. ती म्हणते 30 टक्के करा, मी म्हणतो अजून वीस वर्षं आहेत, 80 राहू दे. 2020 च्या मार्चमध्ये मी एक तृतीयांश शेअर्स विकले होते (तेव्हा शिल्लक 3 होती, शेअर्स 60 टक्के), पण ते तेवढ्यापुरतं. आता मधला मार्ग म्हणून सरासरी काढून 55 करू का?"

55 नको. आकडा फार वाईट आहे असं नाही, पण तो ज्या रस्त्याने आलाय तो रस्ता चुकीचा आहे. एकाला गरम होतंय आणि एकाला थंडी वाजतेय म्हणून पंखा मधल्या नंबरवर ठेवावा तसं आहे हे, आणि पंख्याचं ठीक आहे हो, पण शिल्लक खाली आली तर मुलीची फी सरासरीने भरता येत नाही.

प्रश्नावलीने तुम्हाला जे सांगितलं ते रिस्क टॉलरन्स, म्हणजे साध्या भाषेत हिंमत, बाजार पडताना तुम्ही किती शांत बसाल. तुमच्या वादात जी गोष्ट कुठेच आलेली नाही ती म्हणजे रिस्क कपॅसिटी, म्हणजे ऐपत, पैसे खरंच निम्मे झाले तर घरातल्या पाच माणसांचं काय काय थांबेल. हिंमत तुमच्या डोक्यात असते. ऐपत तुमच्या खर्चाच्या वहीत आणि घरातल्यांच्या वयात असते, ती कुठल्याही प्रश्नावलीत टिक मारून वाढत नाही. छाती कितीही मोठी असली तरी आईच्या हॉस्पिटलचं बिल तेवढंच येणार. म्हणून आधी ऐपत काढायची, तिथून शेअर्सची वरची मर्यादा मिळते, मग हिंमत बघायची, आणि जे कमी असेल ते धरायचं.

तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला मेल करून दोन-तीन गोष्टी विचारल्या होत्या, ती उत्तरं धरूनच हिशोब मांडते. आणि तुम्ही शिल्लक रकमेत न सांगता घरखर्चात सांगितलीत ते फार बरं केलंत, मी सगळ्यांना हेच सांगते, कारण "35 टक्के पडलं" यातून काही कळत नाही पण "तीन वर्षांचं घर गेलं" हे लगेच कळतं.

तर ऐपत. प्रश्न एकच: पुढच्या सात-आठ वर्षांत या 9 मधून कोणते पैसे नक्की लागणार आहेत किंवा अचानक लागू शकतात, ज्यांची तारीख आपल्याला पुढे ढकलता येत नाही? पहिली गोष्ट तुमची नोकरी. बांधकामाची मशिनरी म्हणजे मंदीत सगळ्यात आधी थांबणारी खरेदी, म्हणजे ज्या वर्षी बाजार आपटेल त्याच वर्षी तुमचा बोनस जाण्याची आणि नोकरी डळमळण्याची शक्यता जास्त. एखाद्या शिक्षकाला किंवा नर्सला ही भीती तेवढी नसते, त्यांचा पगार बाजाराकडे बघून हलत नाही, म्हणून त्याच वयाच्या, तेवढीच शिल्लक असलेल्या शिक्षकाची ऐपत तुमच्यापेक्षा जास्त असू शकते. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळे वयावरून टक्के काढत बसतात. तुमच्यासाठी मी दीड वर्ष नोकरी नाही असं धरते. बायकोच्या पगारात 40 टक्के निघतात म्हणजे वर्षाला 0.6 ची तूट, दीड वर्षाची 0.9.

दुसरी गोष्ट आई. विमा आहे म्हणालात, पण तो अ‍ॅडमिट झाल्यावरचा. घरी माणूस ठेवावा लागला, फिजिओ, औषधं, यातलं तो काही देत नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्याला 0.6 बाजूला. हा आकडा अंदाजाचा आहे, पण शून्य धरण्यापेक्षा अंदाज बरा, आणि बहुतेक घरात इथे शून्यच धरलेलं असतं.

तिसरी गोष्ट मुलगी. सहा वर्षांनी तिचं कॉलेज सुरू होणार, चार वर्षांचा मिळून अंदाज तुम्ही 1.5 दिलात. आता यावर तुम्ही म्हणाल सहा वर्षं म्हणजे लांब आहे, तेवढ्यात बाजार वर येतो. येतो बऱ्याचदा. पण अमेरिकेच्या बाजाराचा एस अँड पी 500 हा इंडेक्स ऑक्टोबर 2007 च्या शिखरावरून मार्च 2009 पर्यंत साधारण 57 टक्के पडला आणि जुन्या पातळीला परत यायला 2013 चा मार्च उजाडला, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षं, आणि हा काही सगळ्यात वाईट किस्सा नाही, जपानचा निक्केई 1989 च्या डिसेंबरमध्ये जिथे होता तिथे परत 2024 च्या फेब्रुवारीत पोचला. मुलगी तोवर थांबणार नाही. मुलाचं मात्र 13 वर्षांनी आहे, तो पैसा आज शेअर्समध्ये राहू शकतो, मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की दर वर्षी थोडा थोडा काढत जायचा.

सगळं मिळून 0.9, 0.6 आणि 1.5, म्हणजे 3. हे 3 शेअर्समध्ये नसावेत, बस. उरले 6. म्हणजे 9 पैकी 6, साधारण 67 टक्के, ही तुमच्या घराची वरची मर्यादा, आणि आज तुम्ही 7.2 वर आहात. तुमची हिंमत हनुमानाची असली तरी तुम्ही आजच ऐपतीच्या बाहेर आहात, हा वाद बायकोशी नाहीच.

एक अट राहिली, ती न सांगता हा हिशोब दिला तर फसवणूक होईल. वरचे 3 तेव्हाच पुरतात जेव्हा तुमच्या मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा स्वतंत्रपणे घेतलेला असेल, आणि तसाच बायकोच्या 40 टक्क्यांचाही. कंपनीने दिलेला विमा मी धरत नाही, कारण तो बहुतेक वेळा नोकरीबरोबरच जातो आणि आपल्याला भीती नेमकी नोकरीचीच आहे. विमा नसेल तर 67 विसरा, आधी तो घ्या, मग पुढचं वाचा.

आता हिंमत. इथे मला तुमच्या पत्रातलं "पण ते तेवढ्यापुरतं" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. प्रश्नावली विचारते बाजार 20 टक्के पडला तर काय कराल, आणि माणूस चहा पीत, बाजार वर असताना, "आणखी घेईन" वर टिक मारतो. मीही मारली होती हो. 2008 मध्ये मी स्वतःला फार धीराची समजत होते, आणि त्या ऑक्टोबरात मी स्टेटमेंटचे मेल न उघडता एका फोल्डरमध्ये ढकलत होते, विकलं नाही ते धीर होता म्हणून नाही, बघायची हिंमत नव्हती म्हणून. त्यामुळे मी टिक बघत नाही, मागच्या वेळी माणसाने काय केलं ते बघते. तुमचा 2020 चा हिशोब करून बघा. शिल्लक 3, त्यात शेअर्स 1.8, आणि तेव्हा बाजार एका महिन्यात साधारण तिसऱ्या हिश्श्याने पडला (एस अँड पी 19 फेब्रुवारी ते 23 मार्च 34 टक्के), म्हणजे तुमचं कागदावर 0.6 गेलं. सात महिन्यांचा घरखर्च. सात महिन्यांचा घरखर्च गेल्यावर तुम्ही एक तृतीयांश विकलंत. आणि ती पडझड अशी होती की ऑगस्टपर्यंत तो इंडेक्स परत वर आला होता, सहनशक्तीची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच पेपर संपला.

आज 7.2 शेअर्समध्ये आहेत. 2008 सारखं निम्मं झालं तर 3.6 वर्षं जातील. 43 महिने. टक्केवारीत बघितलं तर तेव्हा 33 आणि आता 50, काही फार वेगळं वाटत नाही. पण पोटात जो गोळा येतो तो टक्क्यांनी येत नाही, तो महिन्यांनी येतो, आणि महिने सहापट झालेत. दरम्यान तुमच्या घरी एक मूल मोठं झालंय आणि आईचं वय वाढलंय. 2020 मधला तुम्ही 2020 मधल्या बाजाराला टिकला नाहीत, तर आजचा तुम्ही त्याहून मोठ्याला टिकाल हे मानायला माझ्याकडे पुरावा नाही. वाईट वाटून घेऊ नका.

म्हणून मी तुम्हा दोघांना वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, एकच आकडा लिहायला सांगितला होता: किती महिन्यांच्या घरखर्चाइतकं नुकसान स्क्रीनवर दोन वर्षं सतत दिसत राहिलं तरी तुम्ही काही विकणार नाही आणि घरात त्यावरून भांडणार नाही. तुमचा 36 पाच मिनिटांत आला. तिचा 24 दोन दिवसांनी आला, आणि खाली तिने लिहिलं होतं की आईंचे आणि पिंकीच्या कॉलेजचे पैसे वेगळे ठेवलेले दिसत असतील तरच. मला विचाराल तर दोन दिवसांच्या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे. प्रश्नावलीत तिला सावध ठरवलं, पण तिने खरं तर अख्खा हिशोब केला, तुम्ही टक्के बोलत होता आणि ती माणसं मोजत होती.

पुढचं गणित सोपं आहे. शेअर्स निम्मे होऊ शकतात असं धरायचं, मग सहन होणाऱ्या नुकसानाची दुप्पट करायची. तिचे 24 महिने म्हणजे 48 महिन्यांचे शेअर्स, 4 वर्षं, 9 पैकी साधारण 45 टक्के. तुमचे 36 म्हणजे 72, बरोबर 6, म्हणजे 67 टक्के, गंमत म्हणजे ऐपतीच्या मर्यादेवरच. आता यातलं कमी ते घ्यायचं, 45.

तिचाच का, हे तुम्ही विचारणार. एक म्हणजे शिल्लक दोघांची आहे आणि विकायचं बटण कुणीही एकजण दाबू शकतो, किंवा त्या आठवड्यात रोज रात्री त्यावर बोलून दुसऱ्याकडून दाबून घेऊ शकतो, 2020 मध्ये तुमच्या घरी नेमकं कुणी दाबलं आणि का, ते तुम्हालाच माहीत. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. तुम्ही मेलमध्ये लिहिलंत की सगळी खाती तुम्हीच बघता, तिच्याकडे पासवर्डसुद्धा नाही. समजा बाजार पडलेला असताना तुम्ही आजारी पडलात, तर तो 80 टक्क्यांचा गाडा तिला चालवायचा आहे, एका बाजूला हॉस्पिटल, दुसरीकडे दोन मुलं आणि तुमची आई. तिला जे धरून ठेवता येणार नाही ते तुमच्या घराला धरून ठेवता येणार नाही. (पासवर्ड आज द्या. आजच.) काही जोडपी यावर तोडगा काढतात की माझे पैसे माझ्या पद्धतीने, तुझे तुझ्या. दोघंच असतील तर चालतं. अवलंबून माणसं असली की नाही चालत, कारण फी भरायची वेळ आली की ज्याचे उरलेत त्याच्याकडूनच जाणार.

आता तुमचा खरा आक्षेप, की 45 वर निवृत्तीला पैसे पुरणार नाहीत. हा रास्त आहे, पण किती कमी पडतील ते मोजल्याशिवाय घाबरू नका. ते 3 बाजूला ठेवले, उरलेल्या 6 चं बघू. महागाई वजा जाऊन शेअर्स 4 टक्के आणि सुरक्षित पैसा 1 टक्का देईल असं धरते, हे माझं धरणं आहे, वचन नाही. सगळे 6 शेअर्समध्ये ठेवले तर वीस वर्षांनी साधारण 13.1 वर्षांचा घरखर्च होतो. 4 शेअर्समध्ये आणि 2 सुरक्षित ठेवले, आणि हे प्रमाण टिकवलं, तर साधारण 10.8. फरक 2.3 वर्षांचा. हा फरक भरून काढायला वीस वर्षं दर वर्षी जास्तीची किती बचत लागेल? साधारण एका महिन्याचा घरखर्च. वर्षातून एक. तुम्ही ज्या गोष्टीसाठी 43 महिने पणाला लावून बसलाय तिची किंमत वर्षाला एक महिना आहे, आणि तुमच्या बोनसमधून ती निघते असं मला तरी वाटतंय. नाहीच निघाली तर निवृत्ती थोडी पुढे ढकला, किंवा निवृत्तीचा खर्च कमी धरा. गरज जास्त आहे म्हणून रिस्क वाढवायची ही उलटी गाडी आहे, गरजेमुळे हिंमतही वाढत नाही आणि ऐपत तर नाहीच नाही. (उलट टोकालाही जाऊ नका, तिचे 30 टक्के म्हणजे वर्षाला आणखी बचत, आणि तिने स्वतःच 24 महिने लिहिल्यावर 30 ला काही आधार उरत नाही.)

7.2 वरून 4 वर कसं यायचं, तर यात दोन वेगवेगळे तुकडे आहेत आणि दोघांना वेगळी घाई आहे. पहिला 1.2 चा, तो तुमच्या कंपनीच्या शेअर्सचा, तो आधी आणि लगेच, जिथे विकायला बंदीची मुदत किंवा कर असेल ते बघून पण "भाव अजून वर जाईल" हे कारण न देता. पगार, बोनस, विमा आणि शिल्लक, चारही एकाच दोरीला बांधलेत तुम्ही. अमेरिकेतली एन्रॉन ही ऊर्जा कंपनी 2001 मध्ये बुडाली, त्याच्या आदल्या वर्षाच्या शेवटी तिथल्या लोकांच्या निवृत्तीच्या खात्यातला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होता, नोकरी आणि म्हातारपण दोन्ही एकदम गेलं. हे 1.2 विकले की शेअर्स 6 वर येतात आणि सुरक्षित पैसा तुमच्या आजच्या 1.8 वरून 3, म्हणजे नोकरी, आई आणि मुलगी तिघांचीही पिशवी भरते. ऐपतीचं उल्लंघन संपलं. यात थांबणं, बाजार बघणं, सल्ले विचारणं काही नको.

6 वरून 4 हा हिंमतीचा तुकडा, त्याला वर्षभर घेतलं तरी चालेल. नवी बचत सगळी सुरक्षितकडे वळवा म्हणजे थोडं काम न विकता होईल, उरलेलं चार ठरलेल्या तारखांना, तारखा दोघांनी मिळून आत्ताच कॅलेंडरवर टाका. आणि 45 म्हणजे 45 च असं नाही, 40 ते 50 मध्ये असलं की हात लावायचा नाही, वर्षातून एकदा बघायचं.

पिशव्या खरंच वेगळ्या करा, वेगळं खातं, खात्याला नाव, बायकोला दिसेल असं. तिची अट तीच होती. आणि सहा महिन्यांनी तिला परत तो कागद द्या, बऱ्याचदा आईंचे पैसे डोळ्यांनी दिसायला लागले की 24 चे 30 होतात, मग 45 चे 55 करायला माझी हरकत नाही, ऐपतीत बसतंय. पण तो आकडा तिने लिहिलेला हवा, आणि बाजार नुकताच चढलेला असताना लिहिलेला नको. चढत्या बाजारात सगळ्यांचीच हिंमत वाढते, तुमची तर वाढलेलीच आहे. ऐपत मात्र बाजारामुळे हलवायची नाही, ती माणसांमुळे हलते, तुमची नोकरी बदलली, मुलगी कॉलेजातून बाहेर पडली, आईंना कायमची बाई ठेवावी लागली, कर्ज फिटलं, अशा वेळी 0.9, 0.6, 1.5 परत मांडायचे.

आणि 2020 मध्ये विकलेले ते शेअर्स परत कधी आणि काय भावाने घेतलेत ते लिहिलं नाहीत. शोधून ठेवा, बायकोला दाखवा, त्याच कागदाच्या मागे लिहा.